क्रिएटिन चालू ठेवलं, आइस बाथचा दिवस बदलला: आठ महिन्यांचा अनुभव

मी आठ महिने रोज 5 ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतोय, सुरुवातीला काही दिवस जास्त डोस घ्यायचं लोडिंग केलं नाही. पहिले तीन महिने आइस बाथ अजिबात नाही, मग अडीच महिने प्रत्येक लेग डे नंतर लगेच बाथ, आणि आता अडीच महिने बाथ फक्त सुट्टीच्या दिवशी. हे सगळं वहीत लिहीत गेलो म्हणून काय झालं ते नीट सांगता येतंय.

आधी क्रिएटिनचं बोलतो. पहिल्या चार आठवड्यांत वजन 71 वरून 72.3 झालं, ते बहुतेक स्नायूत धरलेलं पाणी. 80 किलोच्या स्क्वॉटचे तीन सेट आधी 8, 7, 6 असे यायचे, ते महिन्याभरात 8, 8, 8 झाले. क्रिएटिनचं खरं काम हेच, जड सेटमध्ये ऊर्जा परत भरून देणं, त्यामुळे शेवटच्या सेटला दम टिकतो आणि एकूण काम जास्त होतं. तीन महिन्यांत मांडीचा घेर 56 वरून 57.5 सेंटीमीटर झाला.

मग पाय दुखायला नको म्हणून आइस बाथ सुरू केला. थर्मामीटर टाकून 10 ते 12 डिग्री, कमरेपर्यंत, 10 मिनिटं, व्यायाम संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत. पहिली दोन मिनिटं श्वास तुटतो, मग पायाची बोटं दुखून दुखून बधिर होतात, बाहेर आल्यावर अर्धा तास मांडी हाताला गार लागते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना फरक खरंच जाणवायचा, दुखणं निम्म्यावर आलं होतं.

मला भीती होती की थंडीने क्रिएटिनचा फायदा जातो की काय. तसं झालं नाही. वजन तिथेच राहिलं, तिन्ही सेट पहिल्यासारखेच पूर्ण होत राहिले. आणि ते बरोबरच आहे, कारण रोज घेऊन स्नायूत जो साठा भरतो तो दहा मिनिटांच्या थंडीने रिकामा होत नाही, त्यातला साधारण दीड-दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनीन होऊन लघवीतून जातो आणि तेवढा आपला रोजचा डोस भरून काढतो. म्हणजे बाथच्या आधी घ्या नाहीतर नंतर, त्याने फारसं बिघडत नाही, रोज घेतलं पाहिजे एवढंच.

पण अडीच महिन्यांनी टेप लावली तर मांडी 57.6. एक मिलिमीटर! सकाळी उठल्यावर, त्याच खुणेवर, दोनदा मोजलं. खाणं तेच, प्रोटीन तेच, झोप तीच. मग वाचायला बसलो. 2015 साली जर्नल ऑफ फिजिऑलॉजीमध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचा 12 आठवड्यांचा अभ्यास आला होता, त्यात पायांच्या व्यायामानंतर 10 मिनिटं 10 डिग्रीच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलकी सायकल चालवणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. व्यायामानंतर स्नायूला वाढायचा जो इशारा मिळतो तो थंडीने मंदावतो, रक्तपुरवठाही कमी होतो आणि नवीन प्रथिनं बांधण्याचं काम हळू होतं.

इथेच क्रिएटिनशी गाठ पडते आणि मला ती उशिरा कळली. क्रिएटिनने मी जे दोन-तीन जादा रेप मारत होतो त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्या कामावर शरीर स्नायू बांधतं. बाथ क्रिएटिनला हात लावत नाही, पण त्याने मिळवून दिलेल्या कामाचं फळ कमी करतो. म्हणून फक्त रेप बघून चालत नाही, मी तेच करत होतो आणि सगळं ठीक आहे असं समजत राहिलो.

एक गोष्ट मान्य करतो, पहिल्या तीन महिन्यांत वाढ नेहमीच जास्त होते, त्यामुळे सगळा दोष थंडीवर टाकत नाही. पण बाथ सुट्टीच्या दिवशी हलवल्यावर तेवढ्याच अडीच महिन्यांत मांडी 58.3 झाली, बाकी काही बदललं नाही.

ज्याला दोन दिवसांत परत मॅच खेळायची आहे त्याने लगेच बाथ घ्यावा, त्याला त्या आठवड्यात स्नायू वाढवायचे नसतात, पाय मोकळे हवे असतात. पळणाऱ्यांना, सायकल चालवणाऱ्यांनाही हे नुकसान असं दिसत नाही. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नका, आणि एकट्याने तर नाहीच.

आणखी एक बारीक गोष्ट, गार पाण्यात क्रिएटिन नीट विरघळत नाही, ग्लासच्या तळाशी पांढरा रवा बसतो आणि तो तसाच धुवून टाकला तर डोस अर्धा जातो. मी कोमट पाण्यात ढवळून पितो, तळाला थोडं पाणी घालून तेही पितो. सध्या लेग डे मंगळवार आणि शुक्रवार, बाथ रविवारी सकाळी.