भाडेकरारांच्या शीटसोबत येणारी कव्हर नोट : आठ महिने वापरून

आमची दुकानांची साखळी आहे, महाराष्ट्रभर पसरलेली, आणि जवळजवळ सगळ्या जागा भाड्याच्या. करार १४० च्या आसपास. ते सगळे वाचून त्यातल्या तारखा, भाडं, डिपॉझिट, भाडेवाढ, लॉक-इन म्हणजे करार सोडता न येण्याचा काळ, हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये काढून द्यायचं काम आम्ही बाहेरच्या एका टीमला दिलं. अकाउंट्स बघणारा माणूस म्हणून ती शीट माझ्याकडे येते. भाड्याची व्हाउचरं आणि भाडेकरारांचा हिशोब मांडायच्या इंड एएस ११६ या लेखा मानकाची गणितं तिच्यावरच चालतात. शीटबरोबर एक कव्हर नोट येते: काय सापडलं नाही, काय गृहीत धरलं, कशावर आमच्या माणसानं शिक्कामोर्तब करायचं. हा अनुभव त्या नोटेचा आहे, शीटचा नाही.

पहिल्या दोन लॉटची नोट निरुपयोगी होती. दीड पानभर एकच सूर: माहिती उपलब्ध कागदपत्रांवर आधारित आहे, कृपया मूळ करार तपासून घ्यावा. मूळ करारच तपासायचा असता तर तुम्हाला पैसे कशाला दिले असते? ही तक्रार मी फोनवर जरा चढ्या आवाजात केली. नंतर त्यांच्या टीम लीडसोबत बसून फॉरमॅट बदलून घेतला. पुढचं सगळं त्या बदललेल्या नोटेबद्दल.

सगळ्यात मोठा फरक पडला तो रिकाम्या खान्यांमुळे. आधी खाना रिकामा म्हणजे रिकामा. आता नोटेत प्रत्येक रिकाम्या खान्याचं कारण असतं आणि कारणं तीनच: करारात हा मुद्दा नाही, करारात उल्लेख आहे पण तो ज्या कागदात आहे तो फाइलमध्ये नाही, किंवा कागद आहे पण वाचता येत नाही. तिन्हींचा इलाज वेगळा. पहिल्यात काही करायचं नाही, फार तर वकिलाला सांगायचं. दुसऱ्यात कागद शोधायचा. तिसऱ्यात चांगली स्कॅन कॉपी किंवा नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत मागवायची. आधी मी सगळ्याच रिकाम्या खान्यांसाठी प्रॉपर्टी टीमच्या मागे लागायचो आणि ते वैतागायचे, बरोबरच होतं त्यांचं.

नाशिकच्या एका दुकानाचं उदाहरण सांगतो. करारावर सह्या १२ जून २०२१ च्या. मुदत नऊ वर्षं, पण ती सहीपासून नव्हे, भाडं सुरू होण्याच्या तारखेपासून. आणि भाडं सुरू होणार ताबा दिल्यानंतर ४५ दिवसांनी, तेवढे दिवस फिट-आउटसाठी मोफत. ताबा कधी दिला ते करारात नाही, असणारही नाही, कारण ते पुढं घडणार होतं. शीटमध्ये सुरुवातीच्या तारखेचा खाना रिकामा आणि नोटेत लिहिलं होतं: ताबापत्र फाइलमध्ये नाही, सहीच्याच दिवशी ताबा मिळाला असं धरलं तर २७ जुलै २०२१ येते, पण आम्ही ती भरलेली नाही, या तारखेवर भाडेवाढ, लॉक-इन आणि मुदतसमाप्ती तिन्ही अवलंबून आहेत.

त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. ते वाचलं म्हणून मी दुकानाच्या मॅनेजरला फोन लावला. ताबापत्र त्यांच्या जुन्या मेलमध्ये सापडलं, तारीख ३ सप्टेंबर २०२१. म्हणजे भाडं सुरू १८ ऑक्टोबरला. भाडं महिना १,२०,००० आणि तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, म्हणजे महिन्याला १८,००० जास्त. मालकानं वाढ मागितली होती २७ जुलै २०२४ पासून, देय होती १८ ऑक्टोबर २०२४ पासून. मधल्या दोन महिने एकवीस दिवसांचे ४८,६०० रुपये आम्ही जादा भरले होते. ते पुढच्या भाड्यातून वळते झाले. अंदाजाची तारीख खान्यात गुपचूप भरली असती तर ती मालकाच्या तारखेशी तंतोतंत जुळली असती आणि मला शंकाही आली नसती.

गृहीतकांचा भाग असाच. एका करारात फक्त 'दर तीन वर्षांनी भाड्यात १५ टक्के वाढ' एवढंच आहे. मूळ भाड्यावर की शेवटच्या भाड्यावर, ते नाही. १,२०,००० चे आधी १,३८,००० होतात, तिथपर्यंत दोन्ही वाचनं सारखी. सातव्या वर्षी मात्र एकात १,५८,७०० आणि दुसऱ्यात १,५६,०००. नोटेत त्यांनी शेवटचं भाडं धरल्याचं सांगितलं, कलमाचा क्रमांक दिला आणि दुसऱ्या वाचनाचा आकडाही दिला. महिन्याचे २,७०० म्हणजे तीन वर्षांत ९७,२००. निर्णय लीगलनं घ्यायचा, पण काय पणाला आहे ते त्यांना एका ओळीत दिसलं.

एका गोष्टीत मी त्यांना स्पष्ट मनाई केली. मुदतवाढीचा पर्याय असेल तर तो शेवटच्या तारखेत मिसळायचा नाही. भाडेकरू मुदतवाढ घेईल याची पुरेशी खात्री आहे का, हा इंड एएस ११६ मधला प्रश्न कंपनीच्या व्यवस्थापनाचा आहे. तो करार वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी त्यांनी नऊ अधिक नऊ अशी अठरा वर्षं धरली होती आणि नोटेत चकार शब्द नव्हता. आता पर्याय वेगळ्या खान्यात, आणि त्याला नोटेत 'व्यवस्थापनाचा निर्णय' असा शेरा.

आता कुरकूर. तिसऱ्या लॉटला खात्री करण्याच्या बाबी ६१ आल्या. त्यात एका मालकाच्या नावाच्या स्पेलिंगपासून लॉक-इनमध्ये नोटीस देता येते का, इथपर्यंत सगळं एका रांगेत. ६१ बाबी कोणी वाचत नाही. मीही वीस वाचल्या आणि जेवायला गेलो. मग ठरवलं की पैसे किंवा तारीख हलवणाऱ्या बाबी वर, प्रत्येकीसमोर कोणी उत्तर द्यायचं ते: लीगल, प्रॉपर्टी की दुकान. स्पेलिंगबिलिंग शेवटच्या पानावर. आता वरच्या भागात साधारण दहा-बारा बाबी असतात आणि त्या आठवड्यात मिटतात.

दुसरी अडचण अजून पुरती सुटलेली नाही. नोट वर्डमध्ये, शीट एक्सेलमध्ये. शीट पुढं सरकते, नोट माझ्या मेलमध्ये राहते. ऑडिटरच्या हातात पोचेपर्यंत गृहीत धरलेला आकडा करारातला आकडा झालेला असतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक संशयित खान्याशेजारी नोटेतल्या बाबीचा क्रमांक टाकायला लावला. तरी आमच्याच एका सहकाऱ्यानं प्रिंट नीट बसावी म्हणून तो कॉलम लपवला होता.

आणि एक मर्यादा, तिला नोटेचा दोष म्हणता येणार नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बऱ्याच मालकांनी भाडं कमी केलं ते ईमेलवर किंवा नुसतं फोनवर. फाइलमध्ये जे कधी आलंच नाही ते नाही असंही नोट सांगू शकत नाही. 'पूरक करार' असा शब्द करारात कुठं दिसला तरच तो कागद गायब असल्याचं त्यांना कळतं. त्यामुळे प्रत्येक लॉट देण्याआधी मी आता दुकानांकडून गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष भरलेल्या भाड्याची यादी घेतो आणि तीही त्यांना देतो. करारातलं भाडं आणि भरलेलं भाडं जुळलं नाही की ते नोटेत पहिल्या क्रमांकावर येतं. मागच्या लॉटमध्ये अशा चार जागा निघाल्या, त्यातल्या एकीचा ईमेल अजून सापडलेला नाही.