जुना फ्लॅट घेताय? नव्या रंगाखालचा स्लॅब आधी ठोकून बघा (कोल्हापूरचा अनुभव)

राजारामपुरीत रिसेलचा फ्लॅट घेतला, वरचा मजला, बिल्डिंग २५ वर्षांची. विकणारा म्हणाला स्लॅबचं सगळं काम करून घेतलंय, पावसाचं टेन्शन नाही, आणि छत खरंच गुळगुळीत, रंग ताजा. पहिला पावसाळा संपायच्या आत बेडरूमच्या छताचा मोठा पोपडा खाली आला, पोरं शाळेत होती म्हणून वाचली. आत बघतो तर सळई गंजून फुगलेली, गंज खरवडायचे सुद्धा कष्ट घेतले नव्हते, त्यावरच वाळू-सिमेंट थापून पुट्टी मारलेली.

ओळखीच्या इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी छन्नीने काँक्रीट ताजं फोडलं, धूळ उडवली आणि फिनॉल्फ्थॅलिनचा स्प्रे मारला. चांगलं काँक्रीट लगेच गुलाबी होतं. आमच्याकडे खालून २० मिमीपर्यंत रंगच आला नाही, आणि सळई होती फक्त १० मिमीवर!

त्यांनी समजावलं ते असं. काँक्रीट अल्कलाइन असतं म्हणून सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, अल्कलीपणा संपवतो, तो सळईपर्यंत पोचला की हा थर गेला, मग गळतीचं पाणी मिळालं की गंज सुरू, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो.

आता हिशोब बघा. जिथपर्यंत गुलाबी रंग येत नाही तिथपर्यंत अल्कलीपणा संपलेला, आणि ही आत शिरण्याची खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २५ चं वर्गमूळ ५, खोली २० मिमी, २० भागिले ५ म्हणजे आमच्या काँक्रीटचा आकडा ४. मग सळईखालचं १० मिमी काँक्रीट, म्हणजे कव्हर, ओलांडायला साधारण सव्वासहा वर्षं लागली, २० मिमी असतं तर २५ लागली असती. कव्हर दुप्पट, वेळ चौपट! सेंट्रिंगवर सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक ठेवायला बांधताना किती खर्च आला असता सांगा, अगदी किरकोळ.

एक मात्र लक्षात ठेवा, गुलाबी आलं म्हणजे सगळं ठीक असं नाही. खारं बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये वापरलं असेल किंवा घर कोकण किनाऱ्यावर असेल तर क्लोराइड गुलाबी काँक्रीटमधल्या सळईलाही गंजवतो, त्याची टेस्ट वेगळी, लॅबमध्ये करावी लागते.

टोकन द्यायच्या आधी छत हातोडीने हलकं ठोका, पोकळ आवाज आला की थांबा. सळईच्या रेषेत सरळ चीर किंवा तांबूस डाग दिसला तरी थांबा. काम केलंय म्हणाले तर कामाचे फोटो मागा, त्यात सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडून सळई घासून चकचकीत केलेली दिसलीच पाहिजे. आम्हाला विकणाऱ्याकडे मी आता तेच फोटो मागतोय, तर तो फोन उचलत नाही.