पहिल्या ऑर्डरचा प्लँट आणि झिरो-ऑर्डर होल्ड: पल्स ट्रान्स्फर फंक्शन हाताने काढण्याचा काही महिन्यांचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत पॅकिंग मशीनच्या सीलिंग प्लेटचं तापमान सांभाळणं हे माझं काम. पीएलसी ठरावीक वेळाने तापमान वाचतो, हीटरला किती टक्के पॉवर द्यायची ते ठरवतो आणि पुढच्या वाचनापर्यंत ती तशीच ठेवतो. गेले काही महिने मी प्रत्येक नव्या प्लेटचं पल्स ट्रान्स्फर फंक्शन सॉफ्टवेअरकडून घेण्याआधी वहीत मांडतोय. माझं मत असं, की पहिल्या ऑर्डरच्या प्लँटसाठी ही सवय लावून घ्यावीच. अर्धं पानसुद्धा लागत नाही, आणि कोणता आकडा कुठून आला ते पुढे कायम दिसत राहतं.

एक प्लेट घेऊ. पॉवर एक टक्का वाढवली की तापमान शेवटी 2 अंशांनी वाढतं, म्हणजे K = 2. टाइम कॉन्स्टंट τ = 40 सेकंद, सॅम्पलिंग T = 10 सेकंद. y म्हणजे तापमान आणि u म्हणजे पॉवर; दोन्ही नेहमीच्या कामाच्या बिंदूपासूनचे फरक आहेत.

पुस्तकी वाट सगळ्यांना माहीत असते. K/(τs+1) ला s ने भागायचं, आंशिक अपूर्णांक पाडायचे, तक्त्यातून झेड-ट्रान्सफॉर्म घ्यायचा आणि (z−1)/z ने गुणायचं. मी मात्र आधी वेळेतच मांडतो. दोन सॅम्पलच्या मधे u स्थिर आहे, होल्डचा अर्थच तो. मग त्या 10 सेकंदांत जुन्या तापमानाचा e^(−T/τ) एवढा भाग शिल्लक राहतो आणि उरलेली जागा u भरून काढतो:

```
a = e^(−10/40) = 0.7788
y(k+1) = a·y(k) + K(1−a)·u(k)
G(z) = K(1−a)/(z−a) = 0.4424/(z−0.7788)
```

तक्त्याच्या वाटेनेही हेच येतं. तपासायला दोन गोष्टी पुरतात. z = 1 ठेवलं की 0.4424/0.2212 = 2, म्हणजे K परत मिळाला. दुसरं, एक टक्क्याची स्टेप दिल्यावर दुसऱ्या सॅम्पलला 0.4424 + 0.7788 × 0.4424 = 0.7869 येतं, आणि मूळ 2(1−e^(−0.5)) सुद्धा 0.7869 च. हे उत्तर अंदाजी नाही. होल्ड खरा असेल तर सॅम्पलच्या क्षणी ते तंतोतंत बरोबर असतं.

आमच्याकडे इंटर्नशिपला येणारी मुलं एका ठिकाणी हमखास अडकतात. होल्डचा झेड-ट्रान्सफॉर्म वेगळा, प्लँटचा वेगळा, आणि मग दोघांचा गुणाकार. होल्डचा एकट्याचा झेड-ट्रान्सफॉर्म नुसता 1 येतो, त्यामुळे उत्तरातून होल्ड गायबच होतो आणि हातात 0.05z/(z−0.7788) उरतं. पोल बरोबर असतो, म्हणून शंका येत नाही. पण z = 1 ठेवा: 2 च्या जागी 0.226. शिवाय अंशात z आहे, म्हणजे पॉवर दिली त्याच क्षणी प्लेट तापली असं हे समीकरण सांगतं. होल्ड आणि प्लँट यांच्या मधे सॅम्पलर नाही, म्हणून त्या दोघांचा ट्रान्सफॉर्म एकत्रच घ्यावा लागतो. मुलांना मी हे कारण सांगतो आणि z = 1 ची तपासणी त्यांच्याकडूनच करून घेतो.

आता होल्ड खरा आहे का, हा प्रश्न. आमच्या हीटरला एसएसआर आहे. तो पॉवर कमी-जास्त करत नाही, फक्त चालू-बंद करतो. चालू-बंदची खिडकी एक सेकंदाची असेल तर 40 सेकंदांच्या प्लेटला ती सरासरीच वाटते आणि वरचं समीकरण चालतं. पण कुणी ही खिडकी T एवढीच, 10 सेकंदांची ठेवली, तर 30 टक्के म्हणजे पहिले 3 सेकंद पूर्ण चालू आणि पुढचे 7 बंद. मग सॅम्पलच्या क्षणी वाढ 30 × 0.4424 = 13.27 अंश होत नाही, 200 × (e^(−7/40) − e^(−10/40)) = 12.13 होते. सुमारे नऊ टक्के कमी. प्रत्यक्ष वाचनं मॉडेलपेक्षा सतत खाली राहत असतील तर K ला हात लावण्याआधी मी ही खिडकी बघतो.

हाताने मांडण्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो डेड टाइममध्ये. सेन्सर हीटरपासून लांब बसवला की उष्णता तिथे पोचायला वेळ लागतो. समजा 3 सेकंद. मग 10 पैकी पहिले 3 सेकंद जुना u काम करतो, पुढचे 7 नवा. वरचंच वाक्य दोन तुकड्यांत लिहायचं:

```
y(k+1) = 0.7788·y(k) + 0.3211·u(k) + 0.1213·u(k−1)
G(z) = (0.3211z + 0.1213)/(z(z−0.7788))
```

0.3211 म्हणजे 2(1−e^(−7/40)). दोन्ही सहगुणकांची बेरीज पुन्हा 0.4424, त्यामुळे K शाबूत. स्टेप टेस्टच्या वाचनांत हा डेड टाइम ओळखताही येतो. अंतिम 2 अंशांपासून किती बाकी आहे ते क्रमाने लिहा: 2, 1.6789, 1.3075. शेवटच्या दोघांचं गुणोत्तर 0.7788, पण पहिल्या दोघांचं 0.839. फक्त पहिलंच गुणोत्तर मोठं आलं तर डेड टाइम आहे आणि तो एका सॅम्पलपेक्षा कमी आहे.

यातली एक गोष्ट मला अजूनही फार आवडते. नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर लावला, तर डेड टाइम नसताना बंद लूपचा पोल 0.7788 − 0.4424·Kp. तो −1 च्या पलीकडे जाऊ नये म्हणून Kp 4.02 च्या आत हवा. अखंड वेळेत पहिल्या ऑर्डरचा प्लँट असा कधीच बिथरत नाही. ही मर्यादा सॅम्पलिंग आणि होल्डने आणलेली आहे. आता 3 सेकंदांचा डेड टाइम घाला:

```
z² + (0.3211·Kp − 0.7788)z + 0.1213·Kp = 0
```

ज्युरीची अट लावली की मर्यादा 8.24 येते, म्हणजे वाढते! उशीर झाला की लूप बिघडतो ही आपली सवयीची समजूत इथे टिकत नाही. कारण असं: डेड टाइमशिवाय लूप बिथरतो तो एका सॅम्पलला वर, दुसऱ्याला खाली अशा हेलकाव्याने. 3 सेकंदांच्या उशिरामुळे त्याच 10 सेकंदांत जुना आणि नवा u एकमेकांना काही अंशी खोडतात आणि त्या हेलकाव्याचा जोर 0.4424 वरून 0.3211 − 0.1213, म्हणजे 0.1998 वर येतो. उशीर पूर्ण 10 सेकंदांचा झाला तर मात्र ही खोडाखोड राहत नाही आणि मर्यादा 1/0.4424 = 2.26 वर घसरते. म्हणून या जादा जागेच्या भरवशावर मी Kp कधी वाढवत नाही. सेन्सर थोडा सरकला की डेड टाइम बदलतो. डेड टाइम एका सॅम्पलच्या आत असेल त्या प्लेटांना मी Kp 1 च्या आसपास ठेवतो.

दोन टाइम कॉन्स्टंट असलेल्या जाड ब्लॉकसाठी मात्र मी हे हाताने करत नाही. आंशिक अपूर्णांक जमतात, पण सहगुणकांकडे बघून प्लेटचं काही कळत नाही. तिथे सरळ सॉफ्टवेअर वापरतो आणि फक्त z = 1 ची किंमत वहीत पडताळतो.