हरवलेल्या कुत्र्याचं पोस्टर: उभा ए-फोर की आडवा ए-थ्री?

शेजारच्या काकूंचा मोती कोथरूडमधून पळाला, तेव्हा आम्ही त्याच रात्री दोन पोस्टरं केली. एक उभा, पांढरा ए-फोर आणि दुसरा आडवा ए-थ्री, चमकत्या पिवळ्या कार्डशीटवर. दोन्ही कर्वे रोडच्या कडेला एकाच दुकानाच्या शटरवर मालकांना विचारून लावली आणि मी स्कूटरवरून समोरून जाऊन बघितलं.

ताशी ३० किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला साधारण ८ मीटर पुढे जाते. पोस्टर १५ मीटरवरून दिसू लागलं आणि ३ मीटरवर नजरेआड झालं, तर वाचायला जेमतेम दीड सेकंद मिळतो. ए-फोरवरचा चार मिलिमीटर उंचीचा मजकूर तेवढ्यात वाचताच येत नाही. "पांढरं काहीतरी चिकटवलंय" एवढंच कळलं.

ए-थ्रीवर आम्ही चारच गोष्टी ठेवल्या: हरवला, फोटो, 'तपकिरी, पांढरे पाय' आणि नंबर. मथळ्यासाठी 'हरवला' हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात जोडाक्षर नाही, वर-खाली मात्रा नाहीत, त्यामुळे जागा वाया न जाता अक्षरं मोठी होतात. 'कुत्रा' लिहायची गरजच नाही, ते काम फोटो करतो.

फोटोत मात्र आम्ही आधी चुकलो. सोफ्यावर झोपलेल्या तपकिरी मोतीचा लांबून नुसता डाग दिसत होता. मग बाजूने उभा असलेला, शेपटीसकट पूर्ण दिसणारा फोटो घेतला आणि मागचं सगळं कापून टाकलं. लांबून कुत्रा ओळखू येतो तो अंगाच्या आकारावरून आणि पायांच्या रंगावरून, चेहऱ्यावरून नाही.

नंबर एका ओळीत लिहिला तर ४२ सेंटिमीटरच्या रुंदीत एका आकड्याला चार सेंटिमीटरच मिळतात. पाच-पाचच्या दोन ओळी केल्या तर दुप्पट. आकडे कीपॅडवरचे इंग्रजीच ठेवा. मराठी ४ घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो आणि फोन भलत्याच घरी जातो.

रस्त्यासाठी मी नि:शंकपणे ए-थ्री निवडेन. पण ए-फोर फेकू नका. प्राण्यांचे डॉक्टर, चहाची टपरी, सोसायटीची लिफ्ट, जिथे माणूस थांबतो तिथे सविस्तर मजकूर उपयोगी पडतो. तिथेही एक खास खूण मात्र न लिहिता राखून ठेवा. फोन करणाऱ्याला तीच विचारून खात्री करता येते.

पावसाळ्यात इंकजेटची शाई ओघळते, म्हणून फोटो लेझर प्रिंटरवर काढा आणि पोस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड खाली ठेवा. जागा डाव्या बाजूची, स्कूटरवरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीची आणि शक्यतो गतिरोधकाच्या थोडी आधीची. सरकारी भिंती आणि विजेचे खांब टाळा, मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे.

वीस प्रती काढण्याआधी एकच लावा आणि मोतीला न ओळखणाऱ्या कुणालातरी स्कूटरवरून समोरून जायला सांगा. परत आल्यावर त्याला रंग आणि नंबराचे पहिले पाच आकडे विचारा. अडखळला, तर आणखी शब्द कमी करा.