अहवालाचा मसुदा: वाक्यं सुधारावीत की माहिती पुन्हा विचारावी?

सामाजिक संस्थांच्या वार्षिक अहवालात अशा धाटणीचा परिच्छेद हमखास सापडतो. हा नमुना मी रचलेला आहे, पण भाषा तिथलीच:

"संस्थेच्या वतीने पाणीटंचाईच्या अनुषंगाने विविध उपाययोजना राबविण्यात आल्या. ग्रामस्थांच्या सक्रिय सहभागातून जलसंधारणाची कामे हाती घेण्यात आली. परिणामी पाण्याच्या उपलब्धतेत लक्षणीय वाढ झाल्याचे दिसून आले."

असा मसुदा संपादनाला आला की दोन वाटा असतात. एकतर आहेत तीच वाक्यं सरळ करायची, नाहीतर वाक्यं बाजूला ठेवून लेखकाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरांतून परिच्छेद नव्याने लिहायचा. पहिलं काम चहा निवेपर्यंत होतं. दुसऱ्याला दोन-चार फोन आणि कदाचित दोन दिवस लागतात.

पहिल्या वाटेने गेलं तर हाती येतं ते असं:

"संस्थेने पाणीटंचाईवर विविध उपाय केले. ग्रामस्थांना सोबत घेऊन संस्थेने जलसंधारणाची कामं केली. त्यामुळे पाणी लक्षणीय वाढलं."

वाचायला सोपं झालं, शब्दही कमी झाले. पण कोणते उपाय, कुठे, पाणी किती वाढलं, हे आधीही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. याहून मोठी अडचण दुसऱ्या वाक्यात आहे. मूळ मसुद्यात कामं कोणी हाती घेतली हे लिहिलेलंच नव्हतं. कर्ता हवा म्हणून जवळ दिसलेली 'संस्था' आपण तिथे बसवली. धूसर वाक्य धूसर तरी होतं; आता ते ठाम झालं आणि कदाचित खोटं.

दुसऱ्या वाटेवर प्रश्न साधे असतात. कोणी केलं? नेमकं काय केलं? कुठे, कधी? पैसे कोणी दिले? 'दिसून आले' म्हणजे कोणाला आणि कशावरून? समजा उत्तरं मिळाली आणि परिच्छेद असा झाला:

"२०२३च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी ओढ्यावरच्या तीन जुन्या बंधाऱ्यांतला गाळ काढला. जेसीबीचं भाडं संस्थेने भरलं. गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपापल्या शेतात नेला. बंधाऱ्याखालची सार्वजनिक विहीर २०२३मध्ये मार्चअखेर आटली होती. २०२४मध्ये ती मेच्या मध्यापर्यंत टिकली."

इथे 'सक्रिय सहभाग' हा शब्द गेला आणि सहभाग दिसू लागला. कामाचं श्रेयही ज्याचं त्याला मिळालं. 'परिणामी' मात्र मी मुद्दाम परत आणलेला नाही. २०२३चा पावसाळा आदल्या वर्षीपेक्षा चांगला झाला असेल, तर विहीर त्यामुळेही टिकली असू शकते. तालुक्याच्या पावसाचे आकडे पाहिल्याशिवाय तो शब्द लिहू नये. हा प्रश्न मूळ मसुदा वाचताना सुचतही नाही, कारण 'लक्षणीय वाढ' तपासायची कशाशी?

या वाटेचा धोका वेगळा आहे. उत्तर मिळालं नाही की संपादकाला अंदाजाने आकडा घालायचा मोह होतो. त्यापेक्षा तिथे चौकट सोडून 'किती बंधारे?' असं लिहून मसुदा परत पाठवावा. लेखकालाही सांगता आलं नाही, तर ते वाक्य काढून टाकावं.

कोणतीही वाट धरली तरी शाळेतल्या व्याकरणाने घोटाळा होऊ देऊ नका. "गावकऱ्यांनी गाळ काढला" हा कर्मणी प्रयोगच आहे, पण त्यात कर्ता समोर उभा आहे. त्याला हात लावायचं कारण नाही. शोधायचं ते कर्ता गिळणारं 'करण्यात आले', 'घेण्यात येईल'. मसुद्यात नुसतं 'ण्यात' शोधलं की बहुतेक जागा सापडतात. पाण्याच्या अहवालात 'पाण्यात'ही सापडेल, ते सोडून द्यायचं.

काही 'ण्यात'ही राहू द्यावेत. सभेच्या इतिवृत्तात "ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला" हे योग्यच आहे, कारण मंजुरी सभेची आहे हे सगळ्यांना माहीत असतं. "ही विहीर १९७२च्या दुष्काळात खोदण्यात आली" यात खोदणारे कोण हे आज महत्त्वाचं नसेल, तर कर्ता ओढून आणू नये.

मग निवड कशी करावी? मसुद्यात तपशील आहेत, फक्त वाक्यं बोजड आहेत, तर पहिली वाट पुरेशी आहे. पण वाक्य सरळ करताना 'हे कोणी केलं?' याचं उत्तर त्याच पानावर सापडत नसेल, तर तिथेच थांबून फोन करावा. वेळ अगदीच कमी असेल तर सगळ्या अहवालासाठी फोन करत बसू नका. ज्या वाक्यांत पैसा, श्रेय किंवा परिणाम सांगितला आहे तेवढी विचारून घ्या. प्रस्तावना आणि आभार पहिल्या पद्धतीने उरकले तरी चालतात.