फिडर ट्रिप झाला: आधी ट्रायल घ्यायची की आधी लाइन बघायची?

रात्री अकरा केव्हीचा फिडर ट्रिप झाला की सबस्टेशनमधून ज्युनियर इंजिनिअरला फोन येतो आणि त्यात प्रश्न ठरलेला असतो: "ट्रायल घेऊ का?" म्हणजे ब्रेकर पुन्हा लावून बघू का, होल्ड झाला तर झाला. दुसरा रस्ता असा की फिडर बंदच ठेवायचा, वायरमनला लाइनवर पाठवायचं आणि लाइन नजरेखालून गेल्यावरच चार्ज करायची. नव्याने रुजू झालेल्याला हा निर्णय पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात घ्यावा लागतो, म्हणून दोन्ही रस्ते शेजारी ठेवून बघतोय. मधे येणारी गोष्ट कथा म्हणून वाचा. पात्रं कल्पित आहेत, आकडे मात्र अशा फिडरवर दिसतात तसलेच.

ट्रायलवाल्यांचं म्हणणं आधी ऐकून घेऊ, कारण ते चुकीचं नाही. उघड्या तारांच्या लाइनवरचे बरेचसे फॉल्ट क्षणाचे असतात. वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागतात, फांदी घासून जाते, वटवाघूळ चिकटतं आणि खाली पडतं. ब्रेकर उघडला की ठिणगी विझते आणि लाइन पुन्हा ठणठणीत होते. ब्रेकर आपोआप पुन्हा लावून बघणारं रिक्लोजर नावाचं यंत्र याच भरवशावर चालतं. तीस-पस्तीस किलोमीटरचा शेतीचा फिडर प्रत्येक ट्रिपला पायी तपासायचा म्हटलं तर रात्रीच्या पाळीचं निम्मं पाणी तिथेच बुडतं, आणि फोनवर लोक काय बोलतात ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत.

आता गोष्ट. मे महिना, दिंडोरीच्या बाजूचं एक ३३/११ केव्ही सबस्टेशन. द्राक्षांची खरड छाटणी होऊन गेलेली, बागांना पाणी सुरू, त्यामुळे रात्रीच्या थ्री फेजला सगळ्या मोटारी चालू. साडेअकराला वारा सुटला. धूळ भरपूर, पाऊस जेमतेम चार थेंब. पावणेबाराला फिडर गेला.

"मॅडम, अर्थ फॉल्ट दाखवतोय. बी फेज, चारशेच्या आसपास अँपिअर," ऑपरेटरकाका म्हणाले. "वारा आहे, तारा लागल्या असतील. घेऊ ट्रायल?"

रुजू होऊन काही महिनेच झालेल्या मॅडमनी हो म्हटलं. ११:५२ ला ब्रेकर लावला आणि तो होल्ड झाला. काकांनी लॉगशीटवर वेळ टाकली, मॅडमनी फोन ठेवला. पाच-सात मिनिटांत एका वस्तीवरून फोन आला.

"ताई, लाइट आली खरी, पण एका खोलीतला बल्ब झकास अन् दुसऱ्या खोलीतला मिणमिणतोय. मोटार तर धरतच नाही."

मॅडमना खटकलं ते इथे. त्यांनी सबस्टेशनला फोन लावला आणि काकांना अँपिअरमीटरचा सिलेक्टर फिरवून तिन्ही फेज वाचायला सांगितलं. एरवी एकच फेज वाचून लॉगशीट भरायची सवय सगळीकडे असते. आर ८८, वाय ९१, बी ४७. ट्रिप होण्याआधी तिन्ही १४० च्या आसपास होते.

"काका, फिडर पाडा. आत्ता."

१२:०५ ला ब्रेकर उघडला. मग वस्तीवर उलटा फोन: दादा, मोटारीकडे कुणी जाऊ नका. पलीकडून उत्तर आलं, "भाऊ गेलाय की डीपीकडं, बॅटरी घेऊन." भावाचा नंबर घेऊन त्याला आहे तिथेच उभं राहायला सांगितलं. पाऊण तासाने वायरमन नाना तिथे पोचले, तेव्हा शिवाररस्त्याच्या मुरमावर बी फेजची तार पडलेली होती. भाऊ उभा होता तिथून ती तीस-चाळीस फुटांवर. तारेखालचा मुरूम जागोजागी काळा पडला होता, दोन ठिकाणी वितळून त्याचे काचेसारखे खडे झाले होते. ते खडे पहिल्या ट्रिपचे नव्हते. ट्रायलनंतर ती तार तेरा मिनिटं जमिनीवर जिवंत होती, आणि फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणारा रिले गप्प होता.

रिले गप्प का राहिला, हे समजलं की तुलना अर्धी संपते. त्या फिडरचा करंट रिलेला मोजून देणारा सीटी ३०० अँपिअरचा आणि अर्थ फॉल्टचं सेटिंग २० टक्के, म्हणजे जमिनीकडे ६० अँपिअरहून जास्त गेले तरच रिले हलणार. तार तुटून पडताना आधी लोखंडी क्रॉसआर्मला लागली. खांबाला अर्थिंग असतं, विरोध कमी, म्हणून ४०० अँपिअर गेले आणि ब्रेकर उडाला. हे बरोबरच झालं. पण मग तार घसरून कोरड्या मुरमावर आली. अकरा केव्हीच्या लाइनवर एका फेजचा जमिनीशी दाब सुमारे ६३५० व्होल्ट. मुरमाचा विरोध ४०० ओहम धरला तर

```
6350 / 400 = 15.9 A
```

म्हणजे जेमतेम सोळा. साठच्या आतले सोळा अँपिअर रिलेला दिसतच नाहीत, आणि माणूस मारायला त्यातला अगदी थोडा भाग पुरतो. सेटिंग खाली आणा म्हणणं सोपं आहे, पण तिन्ही फेजचे सीटी कधीच अगदी सारखं मोजत नाहीत, आणि फार खाली आणलं तर फिडर विनाकारण पडत राहतो. डांबरी रस्ता किंवा कोरडी वाळू असेल तर करंट आणखी कमी. तुटलेल्या तारेचं सबस्टेशनकडचं टोक खांबावर अडकलं आणि पलीकडचं जमिनीवर आलं, तर तेही मेलेलं समजू नका. डीपीच्या, म्हणजे वस्तीवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या, वायंडिंगमधून उरलेल्या दोन फेजचा दाब त्यात येतो आणि रिलेला कळण्याची शक्यता त्याहूनही कमी.

म्हणून "होल्ड झाला" यातून फक्त एवढंच कळतं की करंट सेटिंगच्या आत आहे. तार कुठे आहे, हे त्यातून कळत नाही. आणि ट्रायल होल्ड झाली की लाइट येते, लाइट आली की लोक मोटार बघायला अंधारात बाहेर पडतात. पहिल्या रस्त्याचा खरा धोका मला तरी इथेच वाटतो. होल्ड न होता ब्रेकर पुन्हा पडणारी ट्रायल माणसाच्या दृष्टीने उलट कमी घातक. ती ट्रान्सफॉर्मरला छळते. ५ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोड अकरा केव्हीला २६२ अँपिअर, तर फॉल्ट सबस्टेशनच्या दाराशीच असेल तर साडेतीन हजारांच्या पुढे जाऊ शकतात. वायंडिंगवरचा ताण करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौदा पट करंटला जवळपास दोनशे पट. ओव्हरकरंटच्या फॉल्टवर "अजून एकदा बघू" म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडावा.

दुसरा रस्ता वेळखाऊ आहे हे खरं, पण वाटतो तितका नाही, कारण सगळी लाइन एका दमात बघायची नसते. त्या रात्री पुढे काय केलं ते सांगतो. नानांनी तार बघितली तरी लगेच हात लावला नाही. आधी लाइन मधेच तोडणाऱ्या एबी स्विचचं हँडल ओढलं आणि बॅटरीच्या उजेडात तिन्ही पाती खरंच उघडली आहेत का ते खालून बघितलं. एखादं पातं चिकटून राहतं आणि हँडल मात्र खाली येतं, असं होतं. एबी स्विच लोडवर ओढायचा नसतो. ब्रेकर उघडा होता म्हणून चाललं. मग परमिट घेतलं, डिस्चार्ज रॉड लावला, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केलं. दोन्ही बाजूंना अशासाठी की कुणाच्या तरी मळ्यातला जनरेटर उलटा लाइनवर येऊ शकतो.

इकडे दुसऱ्या वायरमनने सबस्टेशनपासून एबी स्विचपर्यंतची लाइन मोटारसायकलवरून बघून घेतली. तेवढा भाग दीडच्या सुमाराला चार्ज झाला आणि निम्म्या मोटारी पाण्याला लागल्या. चार्ज केल्याबरोबर काकांनी तिन्ही फेज वाचले, या वेळी न सांगता. उरलेला भाग उजाडल्यावर तार ओढून झाल्यावर चालू झाला.

लाइन बघण्याऐवजी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, मारला तर चालतं का, असं नवीन मंडळी हमखास विचारतात. फिडर दोन्हीकडून तोडून, डिस्चार्ज करून ५ केव्हीचा मेगर मारला तर मुरमावर पडलेली तार लगेच सापडते. रिलेला जे ४०० ओहम दिसत नाहीत ते मेगरला जवळपास शून्य दिसतात. डीपीची अकरा केव्ही बाजू डेल्टात असते, तिचा जमिनीशी संबंध नसतो, म्हणून डीपी जोडलेल्या असल्या तरी जमणारी ही चाचणी आहे. मात्र पावसात भिजलेले जुने इन्सुलेटर रीडिंग पाडतात आणि फसवतात. आणि तार जमिनीला न लागता माणसाच्या छातीइतक्या उंचीवर लोंबत असेल, तर मेगर म्हणणार सगळं उत्तम. ती फक्त डोळ्यालाच दिसते.

आता निवड. आपल्या कंपनीचा लेखी आदेश असेल तर आधी तो. नसेल तिथे माझं मत असं. रात्री अर्थ फॉल्ट दाखवत असेल आणि फिडर शेतातून, वस्तीवरून जात असेल तर ट्रायल नको. रिलेवरचा फेज आणि करंट लिहून घ्या, मगच रिसेट करा आणि माणसं लाइनवर पाठवा. एबी स्विचवर तोडून जवळचा भाग बघून आधी चालू करा. वाऱ्यात ओव्हरकरंटवर गेला असेल, तार पडल्याचा एकही फोन नसेल आणि आपला प्रत्येक माणूस लाइनपासून दूर असल्याचं त्याच्याच तोंडून ऐकलं असेल, तर एक ट्रायल समजण्यासारखी आहे. एकच. ती होल्ड झाली तर मिनिटभरात तिन्ही फेज वाचा. एक फेज बाकीच्यांच्या निम्म्यावर आला असेल किंवा कुणी मंद लाइटची तक्रार करत असेल, तर तार तुटली आहे असं धरून लगेच फिडर पाडा. एक फेज तुटला की डीपीच्या पुढे एका फेजला पूर्ण दाब आणि दोघांना निम्मा असा प्रकार होतो. मिणमिणता बल्ब त्याचाच.

नाशिक शहरात, जिथे फिडर जमिनीखालच्या केबलवर आहे, तिथे ही तुलनाच लागू नाही. केबलचा फॉल्ट वाऱ्याबरोबर निघून जात नाही आणि दर ट्रायलला जळकं भोक मोठं होतं. तिथे दोन्ही टोकं सोडवायची, मेगर मारायचा, रिंग असेल तर पलीकडून सप्लाय फिरवायचा आणि फॉल्ट शोधणारी गाडी मागवायची.