आशय कुठल्या थरातून घ्यावा: conv2_2 की conv4_2?

गॅटिस, एकर आणि बेथगे या संशोधकांनी ट्युबिंगेनच्या नदीकाठच्या घरांचा फोटो व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’च्या शैलीत उतरवला, तेव्हा VGG-19 हे फोटोतल्या वस्तू ओळखायला आधीच शिकवलेलं नेटवर्क वापरलं. ते फोटो एकामागून एक थरांतून नेतं, आणि प्रत्येक थरात अनेक चॅनेल असतात, म्हणजे एकेक खूण कुठे किती दिसते याचे आकड्यांचे नकाशे. नवं चित्र असं घडवायचं, की त्याचा आशय फोटोशी आणि शैली व्हॅन गॉगच्या चित्राशी जुळेल. त्यातली शैलीची बाजू सोपी आहे. थरातल्या दर दोन चॅनेलचे आकडे जागोजागी गुणून बेरीज घ्यायची. या बेरजांच्या तक्त्यात, म्हणजे ग्रॅम मॅट्रिक्समध्ये, कोणती रेघ कोणत्या रंगासोबत येते हे उरतं, पण ती चित्रात कुठे आहे हे पुसलं जातं. आशयासाठी मात्र जागा हवीच, म्हणून तिथे चॅनेलचे आकडे जसेच्या तसे जुळवतात. प्रश्न एवढाच, की कोणत्या थरातले?

conv2_2 हा सुरुवातीकडचा थर घेतला, तर प्रत्येक आकडा फोटोचा अगदी लहान तुकडा पाहतो. त्यामुळे खिडक्यांच्या बारीक कडासुद्धा जागच्या हलत नाहीत, आणि चित्राचा पोत फोटोवर नुसता पसरल्यासारखा दिसतो, जुन्या भिंतीवर पातळ रंग मारावा तसा.

conv4_2 हा त्याहून खोलवरचा थर. तिथपर्यंत तीनदा पूलिंग झालेलं असतं, म्हणजे शेजारचे आकडे एकत्र करून रुंदी-उंची दर वेळी निम्मी केलेली असते. ५१२ पिक्सेल रुंदीच्या फोटोच्या तिथे रुंदीत ६४ चौकटी उरतात. घर घराच्या जागी राहतं, पण त्याची कड वळणदार फटकाऱ्याने काढायची मोकळीक मिळते. मी हाच निवडेन. चेहऱ्याच्या फोटोत मात्र हीच मोकळीक नडते: डोळे वितळू लागले, की आशयाचं वजन वाढवावं किंवा सरळ खालचा, म्हणजे सुरुवातीकडचा थर घ्यावा.